पत्र्याखालचं बोलणं

आमच्या घरात फोन वाजतो, उचलला जातो, दोन शब्द होतात आणि पलीकडचा माणूस नाहीसा होतो. हे इतक्या वेळा घडले आहे की आता त्याचा रागही येत नाही. कंटाळा मात्र येतो. एखाद्या नळाला पाणी नाही हे माहीत असूनही रोज सकाळी तो फिरवून पाहावा, तसा काहीसा तो कंटाळा आहे.

मी शाळेत भूगोल शिकवीत असे. निवृत्तीनंतर काही लिहावे असे मनात होते, पण लिहिण्यासारखे आपल्याकडे काय आहे, या संकोचातच पुष्कळ काळ गेला. आज जे लिहिते आहे तेही फार मोठे नाही. आमच्या मुलीचे लग्न एका पत्र्याच्या शेडमुळे मोडता मोडता कसे राहिले, एवढेच.

सातारा शहराच्या कडेला, डोंगराची एक सोंड जिथे खाली उतरते, तिथे आमची वसाहत आहे. यजमान सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा मिळालेल्या पैशांतून हे घर बांधले. डोंगराकडून येणारा पाऊस फार मारतो, म्हणून मागच्या भिंतीला खिडकी ठेवलेली नाही. पुढच्या बाजूला रस्ता आणि त्यापलीकडे मोठा चौक. काही वर्षांत स्लॅब गळू लागला. डांबर लावून झाले, रसायन लावून झाले. शेवटी एका उन्हाळ्यात यजमानांनी संपूर्ण गच्चीवर लोखंडी सांगाडा उभा केला आणि त्यावर पत्रे टाकले. मागच्या बाजूने पत्रा जवळजवळ कठड्यापर्यंत उतरवला. त्या पावसाळ्यात घरात पाण्याचा एक थेंब आला नाही. यजमान रोज संध्याकाळी त्या पत्र्यांकडे कवायतीला उभ्या असलेल्या जवानांकडे पाहावे तसे पाहत.

फोन तेव्हापासूनच तुटू लागला. पण दोन गोष्टींचा संबंध आमच्या लक्षात यायला वेळ लागला, आणि त्या वेळेतच सगळे बिघडले.

मुलगी पुण्यात नोकरी करते. तिच्यासाठी स्थळ आणले ते आमच्या शेजारच्या वहिनींनी. मुलगा त्यांच्या सांगलीच्या मावसबहिणीचा, तोही पुण्यातच. घरची उसाची जमीन, माणसे कष्टाळू. मुलामुलीची भेट पुण्यातच झाली, एका नातलगाच्या घरी. सांगलीचे दोघे आले होते, आम्ही दोघे गेलो होतो. परत येताना मोटारीत खिडकीतून बाहेर पाहत मुलीने दोनदा स्वतःशीच हसून घेतले. मी आई आहे. मला तेवढे पुरेसे होते.

पुढची बोलणी फोनवर व्हायची होती. मुलाच्या आईने फोन करावा, मुलीच्या वडिलांनी होकार सांगावा, मग मुलाच्या वडिलांशी बोलून साखरपुड्याचा दिवस धरावा, असे ठरले होते.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. सोयरिकीचे बोलणे उभ्याने करायचे नाही, उंबऱ्यावर करायचे नाही, आणि रस्त्यावर तर नाहीच नाही. देवघरासमोर, चपला काढून, बसून करायचे. माझ्या सासऱ्यांनी असेच केले, त्यांच्या वडिलांनीही. फोन आल्यावरही ती रीत यजमानांनी सोडली नाही. फोन आला तेव्हा ते अंगणात होते. मी सांगितले, "सांगलीचा आहे." त्यांनी हात धुतले, सदऱ्याच्या बाह्या खाली ओढल्या, आत येऊन देवघरासमोरच्या पाटावर मांडी घातली, आणि मग बटण दाबले.

"नमस्कार. बोला बाई."

"नमस्कार, सुभेदारसाहेब. म्हटलं, पोरांचं आता..."

तेवढ्यावर फोन तुटला.

पुन्हा वाजला. पुन्हा नमस्कार झाला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा यजमानांनी आपण होऊन लावला. पलीकडून "हां, आता बोला," एवढे ऐकू आले आणि सारे शांत. त्यानंतर सांगलीहून फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी कुंपणापाशी आल्या. त्यांचा चेहरा ओढलेला होता.

"आवं, काय झालं काल? बहीण लय नाराज हाय. म्हणती, सुभेदार बोलता बोलता फोन आपटत्यात. तीनदा आपटला म्हणं."

"आपटला नाही हो वहिनी. तुटला. आमच्या घरात फोन लागतच नाही अलीकडे."

"लागत न्हाई?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात अविश्वास नव्हता, पण विश्वासही नव्हता. "आवं, मधी एवढी एक भिंत हाय. माझ्या फोनला तर काय होत न्हाई. मी तिच्याशी परवा आमटी शिजंपर्यंत बोलत हुते."

हेच आमच्याविरुद्ध गेले. वहिनींची कंपनी वेगळी, पलीकडच्या घराची आणखी वेगळी, आणि दोन्ही घरांत फोन खणखणीत चालायचा. सांगलीच्या बाईंना हे ठाऊक होते. ज्या भिंतीच्या अलीकडे त्यांची बहीण तासभर बोलू शकते, तिच्या पलीकडे फोन चालत नाही, हे त्यांनी का मानावे? मुलीने मुलाला सांगून पाहिले. त्याने आईला सांगितले. त्यावर आई म्हणाली, "आत्तापास्नंच तिकडची बाजू घ्यायला लागलास व्हय?" मुलीने हे मला फोनवर सांगायला घेतले आणि अर्ध्यातच तिचा आवाज गेला. मी गेटाबाहेर जाऊन तिला पुन्हा लावला, तेव्हा ती म्हणाली, "आई, त्यांना वाटतंय बाबांना स्थळ पसंत नाही. तासगावकडून एक मुलगी सांगून आलीय त्यांना. मी काय करू?"

तिचा स्वर रडवेला नव्हता. थकलेला होता. ते मला जास्त लागले.

मग आम्ही त्या फोनच्या मागे लागलो. तक्रारीच्या क्रमांकावर फोन केला, तोही बाहेर उभे राहून. गावातल्या कंपनीच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीने सिमकार्ड बदलून दिले. घरी आलो, पुन्हा तेच. मग मी वहिनींचे सिम आमच्या फोनमध्ये घालून पाहिले: घरात, देवघरासमोर, स्वयंपाकघरात, सगळीकडे बोलणे सुरळीत. आमचे सिम त्यांच्या फोनमध्ये घातले आणि आमच्या घरात आणले: थोडे बोलून तुटले. तेव्हा फोन निर्दोष आहे, हे नक्की झाले. तक्रारीला उत्तर आले की आपल्या परिसरातील नेटवर्क समाधानकारक असून तक्रार बंद करण्यात येत आहे. यजमानांनी तो संदेश मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "यांना एकदा बॉर्डरला पाठवायला पाहिजे."

मी पुन्हा तक्रार केली. माझ्यासारख्या बाईला हे किती जड गेले हे सांगून उपयोग नाही. दुकानात आपल्या पुढे कुणी घुसले तरी मी बोलत नाही. या वेळी कंपनीचे एक गृहस्थ मोटारसायकलवर आले. त्यांनी गेटासमोर उभे राहून फोन लावला, बराच वेळ कुणाशी तरी बोलले आणि म्हणाले, "क्लिअर आहे की मॅडम."

"आत येऊन लावा," मी म्हटले.

ते आत आले. फोन लावला. "हॅलो, अरे ऐक..." आणि मग त्यांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिले. मला जरा बरे वाटले, हे कबूल करते.

तोवर मी माझ्यापरीने घर फिरून पाहिले होते. भूगोलाच्या बाईला दिशांशिवाय दुसरे काय सुचणार? मागच्या स्वयंपाकघरात फोन लगेच तुटे, मधल्या खोलीत थोडा टिके, पुढच्या खिडकीला चिकटून उभे राहिले तर बराच टिके, आणि दाराबाहेर काहीच अडचण नसे. म्हणजे अडथळा मागून आणि वरून होता. मी त्या गृहस्थांना विचारले, "तुमच्या कंपनीचा टॉवर कुठे आहे?"

त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट केले. डोंगराच्या सोंडेवर, आमच्या छपराच्या वर.

"आणि बाकीच्यांचे?"

"चौकात. तुमच्या समोरच." मग त्यांनी वर पाहिले. "शेड कधी टाकलं?"

"उन्हाळ्यात," मी म्हटले, आणि दोघेही एकमेकांकडे पाहत राहिलो.

त्यांनी सांगितले ते असे. चौकातल्या टॉवरांची लहर पुढच्या खिडक्यांतून सरळ आत येते. आमच्या कंपनीची लहर डोंगरावरून उतरते. ती पूर्वी स्लॅबमधून थोडीफार झिरपून येत असे, आता पत्र्यावर आपटून परत जाते. जी येते ती एवढीच की फोनवर एखादी रेघ दिसावी आणि घंटी वाजावी. टॉवर मोठा, त्याची हाक तुमच्यापर्यंत कशीबशी पोचते. तुमचा फोन लहान, त्याची हाक परत टॉवरपर्यंत पोचत नाही. तो जोर लावतो, लावतो, आणि टॉवरला काही ऐकू आले नाही की बोलणे सोडून दिले जाते.

"मग उपाय?"

"पत्रे काढा. नाहीतर घरात ब्रॉडबँड घ्या आणि वायफायवरून कॉल करता येईल असा फोन घ्या. मग टॉवर लागतच नाही. नाहीतर..." इथे ते थोडे ओशाळले, कारण ते स्वतःच्या कंपनीविरुद्ध बोलत होते. "नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते."

यजमान तोवर दारात येऊन उभे होते. त्यांनी तिन्ही उपाय ऐकून घेतले आणि तिन्ही फेटाळले. पत्रे काढले तर छत गळेल. त्यांचा फोन जुना. त्यात ती सोय नाही, आणि चांगला चालणारा फोन टाकून नवा घेणे त्यांच्या स्वभावात नाही. आणि कंपनी?

"पहाडात पोस्टिंग होतं तेव्हा दुसरं कुठलंच नेटवर्क नव्हतं," ते म्हणाले. "हेच होतं. रांग लावून घरी बोलायचो आम्ही. तुझा आवाज मी याच्यावर ऐकलाय. आता म्हातारपणी पलटण बदलू?"

"पलटण नाही हो, सिमकार्ड आहे," मी म्हटले.

"तुला नाही कळायचं."

मला कळत होते. पहाडातल्या त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला मीच बसलेली असे, शेजाऱ्यांच्या घरी, मांडीवर मुलगी घेऊन. पण आता तीच मुलगी पुण्यात बसून आपल्याला नकार आला की नाही याची वाट पाहत होती. मी म्हटले, "निदान बाहेर जाऊन तरी बोला."

"सोयरीक रस्त्यावर उभं राहून?" त्यांनी विचारले. "भाजी घ्यायचीय का मला?"

असे आणखी काही दिवस गेले. सांगलीहून काही कळेना, आणि आपण होऊन लावायला यजमान तयार होईनात. तीनदा नमस्कार करून झाला होता, चौथ्यांदा करणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. मी बाहेरून बाईंना दोनदा लावला. त्यांनी उचलला नाही.

त्यानंतर शेजारच्या वहिनींच्या सुनेचे डोहाळजेवण आले. सांगलीच्या बाई त्यासाठी साताऱ्याला आल्या. मीही ओटी भरायला गेले होते. त्या झोपाळ्याशेजारी बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी मान हलवली, तेवढेच. बायका गाणी म्हणत होत्या आणि मी वाटीतली खीर ढवळत बसले होते. माझ्या आयुष्यात मी कुणाला आपण होऊन घरी बोलावल्याचे प्रसंग फार थोडे आहेत. खीर संपली, वाटी खाली ठेवली, आणि मी उठून त्यांच्याजवळ गेले.

"बाई, चहाला येता का आमच्याकडे? एवढी एक भिंत आहे मध्ये."

त्या पदर सावरून उठल्या. "येती की. घर तरी बघू दे कसलं हाय, जितं फोन आपटत्यात."

यजमान दिवाणखान्यात होते. नमस्कार झाला. बाई खुर्चीवर बसल्या, इकडेतिकडे पाहिले, देवघराकडे पाहून हात जोडले. मी चहा टाकायला आत गेले. दूध वर येत होते तोच बाहेर फोन वाजला. त्यांचा.

"हां, बोला," बाईंचा आवाज आला. "व्हय, आले हुते जेवण... हॅलो? आवं, हॅलो?"

पुन्हा वाजला.

"आवं, ऐका की, मी त्यांच्या घरी... हॅलो! आता काय झालं याला?"

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्या ओरडूनच बोलल्या, जणू सांगलीपर्यंत आवाज स्वतःच पोचवायचा होता. तोही तुटला. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा त्या फोन पालथा-उताणा करून पाहत होत्या. त्यांची कंपनी आमचीच होती. आम्हाला हे माहीत नव्हते, आणि सांगलीत त्यांना ते कधी आठवण्याचे कारण पडले नव्हते.

यजमान चहाच्या कपाकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर विजयाचा भाव येऊ नये म्हणून ते किती धडपडत होते, हे फक्त मला कळत होते.

एवढ्यात शेजारच्या वहिनी धावत आल्या, आपला फोन हातात धरून, पदर खांद्यावरून घसरलेला.

"अगं ए, दाजी माझ्या फोनवर हायेत! लय तापल्यात. इचारत्यात, तीनदा फोन का आपटलास म्हणून!"

बाईंनी वहिनींकडे पाहिले, यजमानांकडे पाहिले, आणि मग त्यांना असे हसू आले की कप खाली ठेवावा लागला. वहिनींच्या फोनवर, आमच्या दिवाणखान्यात बसून, त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मी न्हाई आपटला. घरच तसलं हाय ह्येंचं. व्हय, खरंच. व्हय वो, शपथ. सुभेदार खरं बोलत हुते."

मला वाटले, आता सगळे सुटले. पण बाई फोन बंद करून माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांचे हसू गेलेले होते.

"खरं हाय तुमचं. मी चुकले. पण एक सांगा, ताई. घरात लागत न्हाई तर माणूस भायेर येतो की न्हाई? दोन पावलांवर रस्ता. पोरीच्या लग्नाचं बोलणं, आन् तुमाला दोन पावलं टाकता आली न्हाईत?"

याला उत्तर यजमानांनी दिले, आणि त्यांनी रीत सांगितली: देवघर, पाट, चपला, वडील, आजोबा. ते अपराध्यासारखे बोलत नव्हते, पण नेहमीसारखेही नव्हते. बाईंनी सगळे ऐकून घेतले.

"चांगली रीत हाय," त्या म्हणाल्या. "पर तुमच्या वडलांच्या वक्ताला डोक्यावर पत्रा न्हवता. आमचं ह्ये घरात वाट बघत बसल्यात. होकार मुलीच्या बापाच्या तोंडून ऐकणार, माझ्या न्हाई. ती बी एक रीतच हाय. चला."

आणि त्या आमच्या घरातून उठून, पुढे होऊन, गेटाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. वहिनींनी आपला फोन पुढे केला, "ह्याच्यावर बोला की हितंच बसून." यजमानांनी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्याच्या नेटवर्कवरून होकार द्यायचा नाही, एवढा हट्ट त्यांनी शेवटपर्यंत राखला. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या खाली ओढल्या, आपला फोन घेतला आणि बाहेर पडले. मी मागून गेले.

दुपार होती. डोहाळजेवणाच्या बायका शेजारच्या ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. भाजीची गाडी उभी होती. एक रिक्षा थांबली आणि रिक्षावाला आत कुणी बसत नाही हे पाहूनही थांबूनच राहिला. यजमान रस्त्याच्या कडेला गेले. फोन लावण्याआधी ते जरा घुटमळले. मग त्यांनी चपला काढल्या, नीट जोडून बाजूला ठेवल्या, आणि त्या तापलेल्या डांबरावर, पूर्वेकडे तोंड करून, अनवाणी उभे राहिले.

"नमस्कार, पाहुणे. मी मुलीचा बाप बोलतोय. आमचा होकार आहे."

फोन तुटला नाही. बरेच बोलणे झाले. डांबर भाजत असावे, कारण ते मधूनमधून एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवत होते, पण चपलांकडे त्यांनी पाहिले नाही. बोलणे संपल्यावर बाई म्हणाल्या, "आता घाला सायब. देव काय न्हाई म्हणायचा." ओट्यावरच्या बायका हसल्या. मी घरात येऊन मुलीला सांगायला फोन लावला, "अगं, झालं..." एवढे म्हटले आणि तो तुटला. मला पुन्हा बाहेर यावे लागले.

मुलगी आता सांगलीची झाली आहे. पत्रे जागच्या जागी आहेत, फोन तोच आहे, कंपनीही तीच. मी कधीतरी कंपनी बदलण्याचा विषय काढते आणि थकून सोडून देते. गेटाच्या आत यजमानांनी एक जुनी खुर्ची आणून ठेवली आहे. तिथून नीट ऐकू येते. संध्याकाळी फोन वाजला की मी गॅस बारीक करते आणि चपला शोधते. मुलगी ते ओळखून असते. ती पलीकडून म्हणते, "आलीस का बाहेर? मग सांगते." आणि मी खुर्चीवर बसेपर्यंत काही बोलत नाही.